औंढा नागनाथ व नामदेवांचीं हिंदी पदें : सारख्या दिसणाऱ्या शब्दांविषयीं कांहीं विचार

आपण मराठी लोक ज्याला ‘संशोधन’ म्हणतों, त्याला हिंदी भाषिक ‘शोध’ म्हणतात. आणि हिंदी भाषिक ज्याला ‘संशोधन’ म्हणतात, त्याला आपण ‘दुरुस्ती’ म्हणतों. दोन्ही अर्थ ‘शुध्’ या एकाच संस्कृत धातूपासून निघाले आहेत. एकानें सत्य गाळून काढण्याचा अर्थ घेतला, दुसऱ्यानें चूक काढून टाकण्याचा. या शब्दभेदाची गंमत वाटून आपण तो सोडून देतों. परंतु जुन्या पोथ्यांच्या कामांत हा भेद गमतीचा राहत नाहीं. मराठी वाचक हिंदी पद वाचतांना ओळखीचा शब्द पाहून फसतो, त्या चुकीच्या अर्थाला जुळेल असें अक्षर बदलतो, आणि मराठी अर्थानें संशोधन करीत आहों अशा समजुतींत हिंदी अर्थाचें संशोधन करून बसतो. हें कसें घडतें आणि घडलें असेल तर कसें ओळखावें, हें एका ठरावीक स्थळाच्या व एका ठरावीक संतकवीच्या संदर्भांत दाखवावें असा या लेखाचा हेतु आहे.

तें स्थळ औंढा नागनाथ. पूर्वीं परभणी जिल्ह्यांत असलेलें हें क्षेत्र १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यांत मोडतें. नामदेवांच्या घराण्याशीं परंपरेनें जोडलेलें नर्सी गांव याच जिल्ह्यांत आहे. विसोबा खेचरांनीं शिवलिंगावर पाय ठेवून नामदेवांना सर्वत्र ईश्वर असल्याचा बोध केला, ती कथा बहुतेक परंपरा औंढ्याच्याच देवळांत घडली असें सांगतात. आणि पुजाऱ्यांनीं कीर्तनाला मनाई केल्यावर नामदेव देवळाच्या मागें जाऊन बसले व देऊळच त्यांच्याकडे फिरलें, ही कथाहि तेथेंच सांगितली जाते. या दोन्ही कथांना पुरावा म्हणून मराठी लेखक पुष्कळदां शीखांच्या आदिग्रंथाकडे बोट दाखवितात. हा ग्रंथ गुरु अर्जुनदेवांनीं १६०४ मध्यें सिद्ध केला आणि त्यांत नामदेवांच्या नांवावर ६१ पदें आहेत. त्यांची भाषा हिंदी म्हणावी अशी, परंतु मराठी कानाला वारंवार ओळखीची वाटणारी आहे. ही ओळखच धोक्याची आहे. नामदेवांचा परंपरागत काल १२७० ते १३५० असा धरला, तर ग्रंथ सिद्ध होण्यापूर्वीं अडीचशें वर्षें हीं पदें उत्तरेकडील मुखांतून व हातांतून गेलीं. त्यांतील शब्दांचा साक्षीदार म्हणून उपयोग करावयाचा, तर साक्षीदार कोणत्या भाषेंत बोलतो हें आधीं ठरविलें पाहिजे.

प्रथम ज्या शब्दावर सर्वांत अधिक वाद उभा राहतो तो शब्द घेऊं. आदिग्रंथांतील पदांत नामदेव स्वतःला ‘छीपा’ म्हणवितात. हिंदी व राजस्थानी प्रदेशांत छीपा म्हणजे कापडावर ठशांनीं छापे उठविणारा, म्हणजे आपल्याकडील रंगाऱ्याच्या धंद्याचा माणूस. मराठी परंपरेंत मात्र दामाशेटींचे पुत्र नामदेव हे शिंपी, म्हणजे कपडे शिवणारे. मराठींतील नामदेव शिंपी व हिंदींतील नामदेव छापणारा, तर हे दोन नामदेव निराळे मानावे काय, असा प्रश्न येथें सहज उभा राहतो. एका नांवाखालीं अनेक कवि दडले आहेत ही शंका निराधार नाहीं. मराठींतच ज्ञानदेवकालीन नामदेव व सोळाव्या शतकाच्या अखेरचा, महाभारत रचणारा विष्णुदास नामा यांच्या रचना परस्परांत मिसळल्या आहेत. म्हणून छीपा या शब्दाची साक्ष काळजीनें तपासणें अवश्य आहे.

शब्दाचें रूप आधीं पाहूं. हिंदींत जेथें छ असतो तेथें मराठींत पुष्कळ ठिकाणीं स किंवा श येतो. हिंदी छुरी, मराठी सुरी. हिंदी मछली, मराठी मासळी. हिंदी कछुआ, मराठी कासव. हिंदी पूछना, मराठी पुसणें. पुढें इकार असल्यास हा ध्वनि तालव्य होऊन श बनतो, जसें हिंदी छींक, मराठी शिंक. आतां प्राकृतांतील ‘छिंपय’ हा शब्द या वाटेनें चालवून पाहावा. हिंदींत तो छीपा होईल आणि मराठींत शिंपी होईल. म्हणजे छीपा व शिंपी हे दोन शब्द नसून एकाच शब्दाचीं दोन प्रांतांतील दोन रूपें आहेत. प्राकृतांत त्याचा अर्थ कापड छापणारा असा आहे. हिंदीनें तो अर्थ टिकविला. मराठींत छापण्या-रंगविण्याचें काम इतर जातींकडे गेलें आणि शिंपी शब्द सुईदोऱ्यापुरता उरला. पंजाबांत मात्र ‘छींबा’ या जातींत शिवणारे व छापणारे दोन्ही येतात, आणि त्या जातीचे लोक नामदेवांना आपले मानतात.

येथून पुढें निष्कर्ष काढतांना पायरीपायरीनें जावें. छीपा हा शब्द पदांत आला एवढ्यावरून कवि रंगारी होता असें ठरत नाहीं. कारण मराठी माणसानें स्वतःला शिंपी म्हटलें असतां उत्तरेकडील गायक तोच शब्द आपल्या बोलींतील नेहमींच्या रूपानें, म्हणजे छीपा असा उच्चारणार. त्यांत त्यानें भाषांतर केलें असें त्याला वाटणारहि नाहीं. उच्चार बदलला कीं अर्थ मागोमाग बदलतो. आदिग्रंथांतील एका पदांत मन हा गज, जीभ ही कात्री अशी कल्पना करून पुढें रंगविण्याचें व शिवण्याचें, दोन्ही कामांचें रूपक केलें आहे आणि शेवटीं सोन्याची सुई व रुप्याचा दोरा आणला आहे. गज, कात्री, सुई व दोरा हें सर्व मराठी शिंप्याचें सामान आहे. रंगविणें तेवढें त्याचें नव्हे. हें रंगविणें कवीचेंच, कीं छीपा शब्द ऐकून कोणा उत्तरेकडील गायकानें घातलेलें, याचा निर्णय केवळ या शब्दावरून होणें शक्य नाहीं. तथापि इतकें निश्चित कीं, शिंपी विरुद्ध छीपा या विरोधावर दोन नामदेव उभे करतां येत नाहींत. दोन नामदेव असतील तर त्यांना दुसरा पुरावा हवा.

दुसरा शब्द देवळाच्या कथेंतील आहे. देऊळ फिरल्याचा उल्लेख आदिग्रंथांतील नामदेवांच्या दोन पदांत येतो, एक भैरउ रागांतील व दुसरें मलार रागांतील. तेथें देवळाला ‘देहुरा’ असा शब्द आहे. मराठी वाचकासमोर येथें एकदम दोन आपले शब्द उभे राहतात. पहिला देव्हारा. हा शब्द देवगृह या शब्दापासून आलेला असून देहुरा हेंहि त्याच कुळांतील रूप आहे. परंतु मराठी देव्हारा म्हणजे घरांतील देव ठेवण्याचें लहान लांकडी मखर, आणि उत्तरेकडील देहुरा म्हणजे संपूर्ण देऊळ. मराठी डोळ्यानें वाचल्यास चमत्कार हातभर मखराचा होतो, हिंदी डोळ्यानें वाचल्यास दगडी मंदिराचा. आपला देऊळ शब्द मात्र निराळ्याच, देवकुल या शब्दापासून आला आहे, म्हणून आकारानें जवळ असलेला देव्हारा अर्थानें दूर आणि आकारानें दूर असलेलें देऊळ अर्थानें जवळ, असा उलटा प्रकार होतो.

दुसरा शब्द देहुडा. पाय तिरके ठेवून मुरली वाजवीत उभ्या असलेल्या कृष्णाच्या ठाणाला आपले संत देहुडा म्हणतात. र व ड यांचा पालट उत्तरेकडील भाषांत नित्याचा आहे, म्हणून हिंदी पद उतरून घेणाऱ्या मराठी लेखकाच्या हातून देहुरा याचें देहुडा होणें अगदीं सोपें. तसें झालें कीं देऊळ नाहींसें होतें आणि मुरलीधर अवतरतो. आणि वाईट गोष्ट अशी कीं त्या ओळीला भक्तीचा चांगला अर्थहि लागतो. जी चूक अर्थहीन असते ती पुढचा नक्कलकार पकडतो. जी चूक अर्थपूर्ण असते ती पिढ्यान्‌पिढ्या चालते.

मग या दोन पदांवरून औंढ्याविषयीं काय सिद्ध होतें ? देहुरा हें सामान्य नाम आहे; तें कोणत्याहि देवळाला लागतें. पदांत औंढ्याचें नांव नाहीं. म्हणून १६०४ पूर्वीं ही कथा नामदेवांच्या नांवाशीं जोडलेली होती व ती पंजाबपर्यंत पोंचली होती, इतकेंच त्यांवरून म्हणतां येतें. ती कथा औंढ्याचीच हें स्थानिक व मराठी परंपरेवरून म्हणावयाचें आहे, आदिग्रंथावरून नव्हे. दोन प्रकारचे पुरावे एकमेकांचे शेजारी ठेवावेत, एकमेकांत कालवूं नयेत.

या कथेंतच आणखी एक जोडी लक्षांत ठेवण्यासारखी आहे. देऊळ फिरल्यावर पुजाऱ्यांकडे त्याची पाठ झाली. मराठींत पाठ म्हणजे शरीराची मागची बाजू. हिंदींत तिला पीठ म्हणतात. हिंदींत पाठ म्हणजे धडा किंवा वाचन, आणि मराठींत पीठ म्हणजे दळलेलें धान्य. या गोंधळाच्या मुळाशीं नियम आहे. संस्कृत पृष्ठ यांतील ऋकाराचा मराठीनें अकार केला व हिंदीनें इकार केला. मृत्तिका या शब्दापासून आपल्याकडे माती व तिकडे मिट्टी झाली तसेंच हें. मराठी पीठ मात्र पिष्ट या शब्दापासून आलें आहे. शिवाय आसन या अर्थाचा संस्कृत पीठ शब्द दोन्ही भाषांत आहेच. म्हणून कोणत्याहि पदांत पीठ दिसला कीं पाठ, दळण व आसन या तीन अर्थांपैकीं कोणता घ्यावयाचा हें भाषेवरून ठरवावें. पीठाच्या जागीं पाठ घालून ओळ नीट केली असें समजूं नये.

तिसरा शब्द खेचर. औंढ्याच्या कथेचें हें हृदय आहे, कारण विसोबांचें उपनांवच हें. संस्कृतांत खेचर म्हणजे आकाशांत संचार करणारा. मराठींत त्याशिवाय खेचर हें एक जनावरहि आहे, ज्याला हिंदींत खच्चर म्हणतात. आपल्याकडील कथाकारांनीं या दुहेरी अर्थाचा उपयोग केला आहे. विसोबांना हें नांव रागाच्या बोलांतून मिळालें, अशी गोष्ट सांगितली जाते. हिंदी वाचकाला जनावराचा अर्थ सुचत नाहीं, त्याला आकाशगामीच दिसतो. उलट मराठी वाचकाला खेचर दिसतांच विसोबा दिसतात.

आदिग्रंथांतील एका पदांत हा शब्द येतो आणि त्याच पदांत सद्‌गुरूचाहि उल्लेख आहे. तेव्हां नामदेवांनीं आपल्या गुरूचें नांव येथें स्वमुखानें घेतलें, असें मराठी माणसाला वाटणें अगदीं साहजिक आहे. परंतु तेथें खेचर शब्दाला लागूनच भूचर असा शब्द आहे. ही जोडी पाहिल्यावर थांबावें. खेचर व भूचर म्हणजे आकाशांत फिरणारे व भूमीवर फिरणारे जीव. शिवाय योगाच्या ग्रंथांत खेचरी व भूचरी या मुद्रा एकत्र सांगितलेल्या असतात. जोडींतील एक शब्द सामान्यनाम असतां दुसरा विशेषनाम मानावयाचा, तर त्याला सबळ कारण पाहिजे. तसें कारण त्या पदांत नाहीं. विसोबा हे नामदेवांचे गुरु होते ही मराठी परंपरा आपल्या जागीं बळकट आहे; तिला हा आधार जोडल्यानें ती अधिक बळकट होत नाहीं, उलट कोणी हा आधार खोडून काढल्यास सगळी परंपराच खोटी पडली असा भास मात्र उत्पन्न होतो.

येथवर मोठ्या शब्दांचा विचार झाला. वास्तविक अधिक फसगत लहान शब्दांनीं होते. जुन्या पोथ्यांत शब्द तोडून लिहिण्याची चाल नसे. ओळ सलग चाले आणि वाचणाराच ती तोडी. तोडतांना तो आपल्या भाषेचे तुकडे शोधतो. उदाहरणार्थ, केवळ समजुतीसाठीं आम्हीं एक वाक्य जुळवितों : ‘जबमतिआईतोगतिपाई’. हिंदी वाचकाला हें सरळ आहे. जेव्हां बुद्धि आली तेव्हां गति मिळाली. मराठी वाचकाला यांत आई दिसते, तो नांवाचा कोणी पुरुष दिसतो, आणि शेवटीं पायीं दिसते. थोड्या कल्पनेनें त्याला मातेच्या चरणीं गति मिळाल्याचा अर्थ लागतो, आणि नक्कल करतांना तो ‘पाई’ वर अनुस्वार देऊन ‘पायीं’ असें शुद्ध करतो. एक बिंदु व एक यकार यांनीं मूळ पाठ गेला.

अशी फसवणूक कशी ओळखावी ? प्रथम ओळींत जब, जो, जहां यांसारखा संबंधी शब्द आहे कीं काय हें पाहावें. असल्यास पुढील तो हा बहुधा ‘तेव्हां’ किंवा ‘तर’ या अर्थाचा असतो, मराठी सर्वनाम नसतो. नंतर क्रियापदाचें लिंग पाहावें. मति स्त्रीलिंगी, म्हणून आई हें तिचें क्रियापद. शेवटीं यमक पाहावें. आई व पाई हीं दोन्ही भूतकाळाचीं रूपें एकमेकांशीं जुळतात, पायीं केल्यास जुळणी बिघडते. तीनहि खुणा एकाच बाजूला पडल्या, तर संशय राहत नाहीं. याच रीतीनें का, की, ते, सी हे शब्द तपासावेत. मराठींत का हा प्रश्न आहे, हिंदींत ‘चा’ या अर्थाचा प्रत्यय. मराठींत ते अनेक माणसें किंवा आदराचें एक माणूस, जुन्या हिंदींत ‘पासून’. जुन्या मराठींत सी म्हणजे ‘ला’, हिंदींत ‘सारखी’.

प्रत्ययांविषयीं उलट बाजूची फसगतहि सांगितली पाहिजे. आदिग्रंथांतील या पदांत भैला, कोपिला अशीं लकारान्त भूतकाळाचीं रूपें आढळतात. गेला, आला बोलणाऱ्या आपणांस तीं पाहून मराठीचे अवशेष सांपडल्याचा आनंद होतो. तो आनंद सर्वस्वीं खोटा नसेलहि. परंतु लकारान्त भूतकाळ ही एकट्या मराठीची मालमत्ता नव्हे; भोजपुरी, मैथिली, मगही, बंगाली या सर्व पूर्वेकडील भाषांत तो आहे, आणि संतांच्या मिश्र भाषेंत पूर्वी बोलींचा भरणा मोठा आहे. भैला हें रूप तर मराठीपेक्षां पूर्वेकडील ‘भइल’ या रूपालाच अधिक जवळ आहे; मराठींत त्या जागीं झाला किंवा जाहला येईल. तेव्हां केवळ ल दिसला म्हणून मराठी मूळ समजूं नये; ज्या धातूला तो लागला आहे तो धातु मराठींत त्या अर्थानें चालत होता काय, हा प्रश्न पुढें विचारावा.

संग्राहकांच्या उपयोगाची एक लेखनविषयक खूण येथें सांगतों. राजस्थानाकडील व हिंदी प्रांतांतील पोथ्यांत ख या अक्षराऐवजीं ष लिहिण्याची सर्रास पद्धति होती. दादूपंथीयांच्या पंचवाणी नांवाच्या संग्रहांत नामदेवांचीं पदें असतात, आणि अशा पोथ्यांत सुष, मुष, देषि असें लिहिलेलें आढळतें. तें सुख, मुख, देखि असें वाचावयाचें. मराठी वाचक देषि याचें देशीं करतो किंवा त्यांत द्वेष शोधतो. भाषा हा शब्द तेथें भाखा असा उच्चारला जातो हें त्याला माहीत नसतें. म्हणून घरांतील एखाद्या जुन्या बाडांत हिंदी पदें सांपडल्यास प्रथम सुख, दुःख, मुख हे शब्द त्यांत कसे लिहिले आहेत तें पाहावें. तेथें ष असेल, तर तें बाड कोठेंहि लिहिलेलें असलें तरी त्याचा मूळ पाठ उत्तरेकडून आला आहे असें मानण्यास बळकट जागा आहे. सर्वत्र ख असेल, तर मात्र कांहींच सिद्ध होत नाहीं; मराठी लेखकानें तो ष समजून ख केला असेल, किंवा मुळांतच ख असेल.

औंढ्याच्या परिसरांत हा प्रश्न पदांपुरता राहत नाहीं. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता आणि सरकारी कामांत आधीं फारसी व पुढें उर्दू चालत असे. त्यामुळें देवस्थानांच्या व इनामांच्या कागदांत दखनी वळणाचे शब्द मराठी वाक्यांत बसलेले असतात. ‘खाली’ हा त्यांतील फार फसवा शब्द आहे. मराठींत तो दिशा दाखवितो, अरबींतून उर्दूंत आलेला तोच आकार ‘रिकामा’ असा अर्थ देतो. औंढ्याच्या देवळांत लिंग भुयारासारख्या तळगाभाऱ्यांत आहे व तेथें अरुंद पायऱ्यांनीं उतरावें लागतें. तेथें कोणी गांवकऱ्यानें ‘गाभारा खाली आहे’ असें म्हटलें, तर उत्तरेकडील यात्रेकरूला गाभारा रिकामा आहे असेंच ऐकूं येईल. कागदांत ‘खाली जमीन’ असें आलें, तर ती उताराची कीं पडीक, हें सीमांच्या वर्णनावरून ठरतें. वरची, डोंगराकडील अशी दुसरी जमीन शेजारीं सांगितली असेल तर मराठी अर्थ घ्यावा. वहिवाटदार, पीक किंवा सारा यांचा उल्लेख नसल्याचें सांगितलें असेल तर उर्दू अर्थ घ्यावा. एका शब्दाच्या वाचनावर येथें जमिनीचा इतिहास पालटतो.

वाक्प्रचारांतहि असेंच आहे. मराठींत हात वर केले म्हणजे जबाबदारी टाकली. हिंदींत ‘हाथ उठाना’ म्हणजे मारावयास धांवणें, आणि ‘हाथ उठा लेना’ म्हणजे एखाद्या गोष्टीचा नाद सोडणें. मराठींत जिवाचें पाणी पाणी झालें म्हणजे काळजीनें जीव कासावीस झाला. हिंदींत ‘पानी पानी होना’ म्हणजे शरमेनें मान खालीं घालणें. पदांतील भक्त देवापुढें लाजला आहे कीं तळमळतो आहे, हें अशा एका वाक्प्रचारावर अवलंबून राहूं शकतें. वाक्प्रचाराचे सर्व शब्द समजले म्हणजे वाक्प्रचार समजला, असें होत नाहीं.

राग, शिक्षा, चेष्टा यांसारख्या संस्कृत शब्दांविषयीं मात्र उलट सावधगिरी हवी. आज मराठींत राग म्हणजे कोप, शिक्षा म्हणजे दंड, चेष्टा म्हणजे थट्टा. हिंदींत अनुक्रमें आसक्ति, शिक्षण व प्रयत्न. परंतु जुन्या पोथींत आजच्या मराठीचा अर्थ बळेंच लावणें जसें चुकीचें, तसेंच आजच्या हिंदीचा लावणेंहि चुकीचें. रागद्वेष या जोडशब्दांत मराठीनेंहि आसक्तीचाच अर्थ राखला आहे, आणि शिक्षा शब्द जुन्या मराठींत शिकवण या अर्थानेंहि येतो. असे शब्द आल्यास आजच्या दोन भाषांकडे न पाहतां त्याच पोथींतील त्याच शब्दाचे इतर प्रयोग गोळा करावेत.

नामदेवांच्या हिंदी पदांच्या चिकित्सक आवृत्त्या आतां उपलब्ध आहेत. भगीरथ मिश्र व राजनारायण मौर्य यांची पुणें विद्यापीठानें १९६४ मध्यें काढलेली, आणि विनांड कालवर्त व मुकुंद लाठ यांची १९८९ मधील, अशा दोन मुख्य होत. त्यांनीं पाहिलेल्या पोथ्यांव्यतिरिक्त मराठी घरांतून व मठांतून अद्याप पुष्कळ बाडें पडून आहेत. ज्यांच्याजवळ अशीं बाडें असतील त्यांस आमची विनंति इतकीच कीं, नक्कल करतांना ओळ सलग असेल तर सलगच उतरावी. ष असेल तेथें ष च लिहावा. देहुरा, देहुडा, देहरा यांपैकीं जें दिसेल तें तसेंच ठेवावें. आणि अर्थ सुचला तर तो समासांत निराळा लिहावा, ओळींत घालूं नये. जी ओळ आपणांस अगदीं मराठी वाटली, तिच्याखालीं एक रेघ मारून ठेवावी, कारण दुसऱ्यांदां तपासावयाची ती तीच. मराठी अर्थानें संशोधन करावयाचें असेल, तर हिंदी अर्थाच्या संशोधनापासून हात आवरला पाहिजे.